बसलीस का गं? आई-अण्णांच्या पन्नास वर्षांसाठी आठ कडवी

*प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत राहतो. येत्या मे महिन्यात आई-अण्णांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. आम्ही तिघं भावंडं मिळून कविता वाचणार आहोत, पण लिहायला बसलं की ‘तुम्ही आमचे चंदन, तुम्हाला वंदन’ ह्याच्यापुढं जातच नाही. घरातले किस्से खूप आहेत. १९८० साली अण्णा, आई मागं बसलीय असं समजून, एकटेच स्कूटरवरनं रंकाळ्यापर्यंत गेले (अजून गाडी सुरू करताना ‘बसलीस का गं?’ विचारतात). पुण्याच्या बहिणीला आई ‘थोडीच दिलीय’ म्हणत मोठा डबा भरून चटणी देते. लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या पांढऱ्या रश्श्यात आई मीठ विसरली, हे आत्या दरवर्षी सांगतात. शंभरेक पाहुणे असतील. हे विनोद कवितेत बसवायचे कसे, आणि बाहेरच्यांना ते कळतील का?*

तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य आधी कंसाबाहेर काढा. तुमची कविता त्या वाक्यात आहे. मी तीसएक वर्षं कोल्हापुरात घरगुती समारंभांसाठी लिहून देते, आणि जवळजवळ प्रत्येक घर मला किस्सा रंगवून सांगतं, पण त्या किश्शानं घरात मागं काय ठेवलं ते जाता जाता सांगतं. अण्णा रंकाळ्यापर्यंत एकटे गेले हा विनोद झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत ते निघण्याआधी विचारतात, हे पन्नास वर्षांचं लग्न झालं. दोन्ही एकाच धाग्यात आहेत, म्हणून हसवणारी कविता वेगळी आणि डोळ्यांत पाणी आणणारी वेगळी असं करावं लागणार नाही.

लिहायच्या आधी एक काम करा. आईंना एकट्या असताना ही गोष्ट विचारा, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना एकटे असताना विचारा. कशासाठी ते सांगू नका. दोघांच्या सांगण्यात फरक निघेलच. एक म्हणेल रंकाळ्याला पोचल्यावर कळलं, दुसरा म्हणेल छे, मिरजकर तिकटीलाच लक्षात आलं. हा फरक मिटवायला जाऊ नका, त्याचं एक कडवं होतं. शिवाय प्रत्येकाला एकच गोष्ट खोदून विचारा : हातात काय होतं? लक्षात आलं ते नेमकं कशानं? माणसं स्वभाव सांगतात, ‘अण्णा घाईचे’, ‘आई सोशिक’. असल्या ओळी शेजारच्या घरच्या समारंभातही वाचता येतात, म्हणून त्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत. पण ‘भेळेचा दुसरा पुडा मागं केला आणि तो कुणी घेतलाच नाही’ ही ओळ दुसऱ्या कुणाच्या घरात चालणार नाही. मी पुढं भेळेचा पुडा धरूनच लिहिलंय. तुमच्या घरी दुसरं काही निघालं, फुलांची पुडी असो नाहीतर सिनेमाची तिकिटं, तर ते घाला.

आता साचा. तुम्ही ‘चंदन-वंदन’पाशी अडकता ह्याचं कारण असं की हाताशी साचा नसला की माणूस यमकाच्या मागं जातो, आणि यमक त्याला तयार वाक्यांकडं नेतं. मी पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना नेहमी मोठा अभंग देते. चार चरण, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं : ‘म्हणावे’ म्हणजे म्ह-णा-वे, तीन. ‘रंकाळ्याला’ म्हणजे रं-का-ळ्या-ला, चार. लहानपणापासून ऐकलेली ही चाल शंभर पाहुण्यांच्या कानात आधीच असते, त्यामुळं दुसरं कडवं येईपर्यंत सगळा हॉल तुमच्याबरोबर डोलायला लागतो आणि चौथ्या चरणाची वाट बघतो. तो चौथा, चार अक्षरांचा चरण फार कामाचा आहे. तीन चरण चालत येतात आणि चौथा मध्येच थांबतो. हसू तिथं येतं, म्हणून विनोदाचा शब्द तिथंच ठेवायचा.

काही जण विचारतात की नवी मंगलाष्टकं लिहू का. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर लघु की गुरु हे ठरलेलं. त्यात ‘बसलीस का गं’ असं घरातलं बोलणं जसंच्या तसं बसत नाही, ते वाकवावं लागतं, आणि वृत्ताचा सराव नसला की चाल ओढूनताणून न्यावी लागते. हार घालायचा कार्यक्रम ठेवला असेल तर गुरुजींना नेहमीची मंगलाष्टकं म्हणू द्या, तुमचं त्यानंतर. मुक्तछंद मला स्वतःला आवडतो, पण पंगतीचा वास सुटलेल्या हॉलमध्ये तो कुणाच्या कानात राहत नाही.

आता तुमच्या गोष्टीचं पहिलं कडवं बघा.

तिरकी करून
तीन किका मारी
निघाली सवारी
रंकाळ्याला

अक्षरं मोजा. ति-र-की-क-रू-न, सहा. ती-न-कि-का-मा-री, सहा. नि-घा-ली-स-वा-री, सहा. रं-का-ळ्या-ला, चार. यमक ‘मारी’ आणि ‘सवारी’चं. इथं एक बारकावा आहे. ‘करून’मधला शेवटचा ‘न’ आपण बोलताना अर्धाच उच्चारतो, त्यामुळं कागदावर सहा असलेली अक्षरं कानाला पाच वाटतात. पहिल्या चरणात ते खपतं, कारण तिथं क्षणभर थांबून पुढं जाता येतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी, जिथं यमक आहे तिथं, दीर्घ स्वर असलेलं अक्षरच आणा : मारी, सारे, केला, डोले. कागदावर अक्षरं बरोबर असूनही कविता वाचताना अडखळत असेल तर दहातल्या आठ वेळा दोष इथंच असतो. टेबलावर बोटं आपटत मोठ्यानं वाचा. बोट जिथं रिकामं पडेल तिथं शब्द बदला.

पुढचं कडवं वाटेतलं.

घरचे दारचे
सांगितले सारे
मागे फक्त वारे
हुंकारले

‘अण्णा एकटेच बोलत होते’ असं मी कुठं म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर विनोद समजावून सांगितल्यासारखा झाला असता. ऐकणाऱ्याला ‘वारे’ला शंका येते आणि ‘हुंकारले’ला खात्री पटते. पाहुण्यांना कळेल का, ही तुमची भीती अशानं निम्मी कमी होते. कवितेतच गोष्ट घडताना दिसली तर बाहेरच्या माणसाला घरचं काही माहीत असावं लागत नाही.

तिसरं कडवं माझ्या पहिल्या खर्ड्यात असं होतं :

भेळ घेतली नि
पुडा मागे दिला
कोणी ना घेतला
तेव्हा कळे

अक्षरं बरोबर आहेत, अर्थही. पण ‘दिला’ आणि ‘घेतला’ मोठ्यानं म्हणून बघा. फक्त शेवटचा ‘ला’ जुळतो, त्याआधीचा स्वर जुळत नाही. वाचताना हे यमक डोळ्याला पुरतं, ऐकताना पोकळ लागतं. ‘दोन पुडे’ हा शब्दही नव्हता, आणि गंमत दोनमध्येच आहे, कारण एकट्या माणसानं दोन पुडे घेतले. म्हणून ते असं केलं :

दोन पुडे भेळ
एक मागे केला
कुणी नाही नेला
तेव्हा कळे

‘केला-नेला’ भरलं. शेवटचं अक्षर जुळवायचंच, आणि त्याच्या आधीचा स्वरही जुळेपर्यंत शब्द शोधत राहायचा, एवढा नियम पाळलात तर घरातली कविता आणि शुभेच्छापत्रातली कविता ह्यांत कानाला लगेच फरक कळतो. यमकासाठी ‘चंदन’ मात्र आणायचं नाही. यमक जुळत नसेल तर गोष्टीतली वस्तू तशीच ठेवून यमकाचा शब्द फिरवा. इथं मी ‘दिला’ सोडून ‘केला’ घेतलं, पुडा आहे तिथंच राहिला.

चौथं कडवं त्या वेगवेगळ्या सांगण्याचं :

अण्णा म्हणतात
तिकटीला कळे
आईचे वेगळे
मत आहे

ह्या कडव्यावर तुमचे अण्णा जागेवरनं काहीतरी बोलतील. बोलू द्या. वाचणाऱ्यानं कागदावरनं मान वर करून त्यांच्याकडं बघावं आणि हॉल हसून शांत होईपर्यंत थांबावं. दोघंही समोर बसलेले असताना त्यांचं इतकं जुनं, बिनविषारी भांडण सगळ्यांसमोर एकदा खेळलं जातं, ह्याची मजा पाहुण्यांना आपोआप कळते. ‘तिकटी’ म्हटलं की मिरजकर तिकटी, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईहून आलेल्या जावयाला नाही कळलं तरी बिघडत नाही.

आता आईंकडं वळायचं. आतापर्यंतची कविता अण्णांची झाली, आणि बऱ्याच घरांत ती तिथंच संपते. वडिलांचे किस्से जास्त रंगतात म्हणून आईच्या वाट्याला शेवटी दोन ओळी ‘माया-छाया’च्या येतात. ती चूक टाळायला मी आईंना सरळ गोष्टीतच उभं केलं.

पिशवी घेऊन
दारी उभी राही
वाट त्यांची पाही
आई माझी

इथं विनोद थांबतो. मुद्दाम. ‘रागावली’, ‘हिरमुसली’ असलं काही घातलेलं नाही, फक्त पिशवी आणि दार. त्या दिवशी आई खरंच काय करत होत्या ते त्यांनाच विचारा. त्या घरात जाऊन भाजी निवडत बसल्या असतील तर तसं लिहा. पण एवढं पाळा की त्यांनी काय केलं ते यावं, त्यांना काय वाटलं ते तुम्ही सांगू नये. त्यांना काय वाटलं ते त्या समोर बसून आठवतच असतील.

पन्नास वर्षं कशी आणायची, हा ह्या कवितांमधला सगळ्यात अवघड भाग. बहुतेक जण सालवार जातात : लग्न, पहिलं मूल, घर बांधलं, बदली झाली, निवृत्ती, नातवंडं. दहा कडव्यांनी तो संस्थेचा वार्षिक अहवाल होतो, आणि कुणाचं नाव राहिलं ह्यावरून नंतर रुसवे होतात ते वेगळंच. मी पन्नास वर्षं एका कडव्यात उरकते, आणि तीही त्याच वस्तूच्या आधारानं. आपली वस्तू वाहन आहे, म्हणून :

स्कूटर विकली
चारचाकी आली
नातवंडे झाली
बसणारी

‘बसणारी’ हा शब्द साधा दिसतो, पण पुढच्या कडव्याची सोय त्यात आहे. मागच्या सीटवर आता नातवंडं आहेत, आणि अण्णांचा प्रश्न तोच आहे.

बसलीस का गं?
विचारून घ्यावे
मगच निघावे
आजवरी

तुम्ही ते वाक्य पाठवलंत तेव्हा मी आधी बोटांवर मोजलं. ब-स-ली-स-का-गं. सहा. अण्णा इतकी वर्षं अभंगाच्या मापातच बोलताहेत. घरात सतत म्हटली जाणारी वाक्यं अशी मोजून बघायची सवय लावा, चार किंवा सहा अक्षरांची पुष्कळ सापडतात. आणि अशी वाक्यं जशीच्या तशी ठेवा. निवेदनाच्या भाषेत ‘घ्यावे’, ‘निघावे’ असं ग्रांथिक चालतं, अभंगाला ते शोभतंही. पण अवतरणात माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडचाच शब्द हवा. ‘बसलीस का गे’ केलंत तर ते अण्णा राहत नाहीत. ते ‘बसलीस काय?’ असं विचारत असतील तर तेही सहाच भरतं, तेच घाला.

शेवटचं कडवं मी तीनच चरणांचं लिहिलंय.

पन्नास वर्षांची
सवारी ही डोले
मागून ती बोले

चौथ्या चरणाचं नंतर सांगते.

चटणीचा किस्सा पुण्याच्या ताईंचा आहे, त्यांनीच लिहावा आणि त्यांनीच वाचावा. तो तीन-चार कडव्यांपेक्षा लांबवू नका, कारण तो गोष्टीचा विनोद नाही, सवयीचा आहे, आणि सवय एकदा दिसली की पुरे होते. सुरुवात अशी करता येईल :

थोडीच दिलीय
आई तू म्हणावे
हमाल आणावे
डब्यापायी

ह्यानंतर त्यांनी चटणीची वर्णनं करू नयेत. मिरची, कांदा, लसूण, कुटताना डंकावर उठणारा खाट, हे कोल्हापूरच्या प्रत्येक घरचं आहे. त्यांनी एकच दिवस शोधावा जेव्हा त्या डब्याचा त्यांना खरंच आधार झाला. मला स्वतःला विचाराल तर मी त्यांना २०१९च्या ऑगस्टबद्दल विचारीन. महापुरानं शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्या-मुंबईकडून कोल्हापूरला येणंच कित्येक दिवस बंद झालं. पुण्यात असलेल्या आपल्या माणसांनी ते दिवस फोन कानाला लावून काढले. त्या आठवड्यात डब्याच्या तळाशी चटणी किती उरली होती, हे ताईंना आठवत असेल तर शेवटचं कडवं तिथं आहे. आठवत नसेल तर बनवू नका. घरच्या माणसांसमोर बनवलेली आठवण वाचणाऱ्याच्या आवाजातच कळते. पहिल्या कडव्यात जड असलेला डबा शेवटच्या कडव्यात रिकामा दिसला, तरी ते पुष्कळ झालं.

आता पांढऱ्या रश्श्यातलं मीठ. हा किस्सा घेऊ नका. त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे : ‘आत्या दरवर्षी सांगतात.’ मी एक गोष्ट नेहमी विचारते. ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस ती गोष्ट स्वतः चारचौघांत सांगतो का? स्कूटरची गोष्ट बहुधा आई आणि अण्णा दोघंही सांगत असतील, भांडत भांडत. ती त्यांची आहे. मिठाची गोष्ट आत्यांची आहे. नवी नवरी, सासरचं स्वयंपाकघर, पहिला रस्सा आणि जेवायला बसलेली घरची सगळी माणसं. पन्नास वर्षं आई ती ऐकून हसत आल्या असतील, पण त्यांनी ती कधी सुरू केलेली तुम्हाला आठवते का? नसेल तर त्या दिवशीही ती सुरू होऊ नये. उलट आत्यांना आधीच भेटून दुसरं काहीतरी सोपवा. औक्षणाचं ताट त्यांच्याकडं द्या, त्यांच्या आठवणीतली लग्नातली एखादी गोष्ट निवेदनासाठी मागा. मान मिळाला की माणूस जुनी गोष्ट उगाळत नाही.

हे मी एका घरात शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका समारंभासाठी मुलांनी वडिलांच्या बंद पडलेल्या दुकानाचा किस्सा दिला होता. उधारी मागायला गेलेले वडील गिऱ्हाइकालाच चहा पाजून परत यायचे, म्हणून दुकान बुडालं. मुलं सांगताना पोट धरून हसत होती, मीही दोन चांगली कडवी बांधून दिली. वाचलं गेलं तेव्हा हॉल हसला, आणि वडील पायाजवळच्या सतरंजीकडं बघत राहिले. मी त्यांना एकदाही भेटले नव्हते. ती चूक माझी होती, मुलांची नव्हे. तेव्हापासून ज्याच्यावर कडवं आहे त्याच्या तोंडून ती गोष्ट ऐकल्याशिवाय मी ते लिहून देत नाही.

तुम्ही तिघं आहात म्हणून तीन कविता हव्यात असं नाही. स्कूटरचा अभंग थोरल्यानं वाचावा, चटणीचा ताईंनी, आणि तिसऱ्यानं कविता वाचू नये, गोष्ट सांगावी. बाहेरच्या पाहुण्यांना कळेल का ह्या तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे आहे. प्रत्येक अभंगाच्या आधी तीन-चार वाक्यं बोलायची, पाठ करून, पण बोलल्यासारखी. स्कूटरसाठी साधारण अशी : “साल १९८०. तेव्हा स्कूटर पैसे असले तरी लगेच मिळत नव्हती, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आमच्या घरी ती आली. बराच वेळ उभी असली की तिला एका अंगावर तिरकी करायची, सरळ करायची आणि मग किक मारायची. एका रविवारी संध्याकाळी अण्णा आईला म्हणाले, चल, रंकाळ्याला जाऊन येऊ.” आणि इथंच थांबायचं. आई बसली नव्हती हे निवेदनात फुटलं की कवितेला काही उरत नाही. तालमीत हा बांध सगळ्यात आधी फुटतो, कारण सांगणाऱ्याला हसू आवरत नाही, म्हणून निवेदन करणाऱ्याची तालीम वाचणाऱ्यापेक्षा जास्त घ्या. तिरकं करण्याचं वाक्य मात्र गाळू नका. बटण दाबून गाडी सुरू करणाऱ्या नातवंडांना ‘तिरकी करून’ म्हणजे काय ते त्याशिवाय कळणार नाही, आणि पहिल्याच चरणाला ती पोरं शेजाऱ्याला विचारत बसतील.

वाचताना चालीवर गाऊ नका, घरात खरंच गाणारं कुणी असल्याशिवाय. बोलल्यासारखं, पण चरणाचरणाला थांबून वाचा. तिसऱ्या चरणानंतरचं थांबणं बाकीच्यांपेक्षा थोडं लांब ठेवा, म्हणजे चौथा चरण नेमका पडतो. स्कूटरची आठ कडवी अशी वाचायला हशा धरून दोन-अडीच मिनिटं लागतात. चटणी आणि निवेदन मिळून सगळं सहा मिनिटांच्या आत आणा. कागद मोठ्या अक्षरांत, एका पानावर चारच कडवी, आणि पान उलटायची जागा ‘मत आहे’नंतर ठेवा, कारण तिथं तसंही थांबायचंच आहे. कार्यक्रम जेवणाआधी ठेवा.

आता तो राहिलेला चरण. ‘मागून ती बोले’ एवढं वाचून थोरल्यानं कागद खाली करायचा आणि आईंकडं बघायचं. पुढची चार अक्षरं आईंची आहेत. त्यांना आधी काही सांगायचं नाही, नाहीतर त्या आठवडाभर काळजी करत बसतील. बहुतेक वेळा सांगावं लागतही नाही. सात कडवी ऐकून झालेली असतात, चाल कानात असते, त्यांचा प्रश्न त्यांना विचारून झालेला असतो, आणि सगळा हॉल त्यांच्याकडं बघत असतो. क्षणभर गेला आणि त्या बोलल्या नाहीत, तर अण्णांच्या हातात माइक द्या आणि त्यांच्याच तोंडून ‘बसलीस का गं?’ विचारायला लावा. त्या प्रश्नाला इतकी वर्षं उत्तर देत आल्यात, तेव्हा ते आपसूक येईल. माइक मात्र आईंच्या जवळ आधीच कुणीतरी धरून उभं असू द्या. नातीला उभं केलंत तर सगळ्यात बरं, कारण ती धीटपणे आजीच्या तोंडापाशी माइक नेते.

तुम्ही कागदावर तिथं काही लिहून ठेवणार असाल तर आईंची बोली ऐकून लिहा. आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात. त्या ‘बसले की’ म्हणाल्या तरी चार अक्षरं होतात, आणि ‘बसलो की’ म्हणाल्या तरी चारच.